अपघाताचे मूळ कारण विश्लेषण: 100 टन पॉवर प्रेस, प्रेस शॉप

घटना: 24 सप्टेंबर 2024, दुसरी पाळी, सायं. 6.40. ब्रॅकेट डायमध्ये अडकला. ऑपरेटर तो हाताने ओढत असताना रॅम खाली आला आणि उजव्या तर्जनीचे पहिले पेर तुटले. रजा 48 तासांहून जास्त असल्याने कारखाने अधिनियमाच्या कलम 88 नुसार सूचना दिली आहे.

पहिल्या तपास नोंदीत "ऑपरेटरची निष्काळजी" असे लिहिले होते. ते खोडले आहे. त्यातून मशीनमध्ये काहीच बदलत नाही.

पाच का
1. हात डायमध्ये का गेला? माल अडकला होता आणि चुंबकी उचलणी मशीनवर नव्हती.
2. माल का अडकला? स्ट्रिपरच्या चारपैकी दोन स्प्रिंग तुटल्या होत्या.
3. त्या का बदलल्या नाहीत? डाय देखभालीला गेलाच नव्हता.
4. का? देखभाल तारखेवर चालते, स्ट्रोकच्या मोजणीवर नाही.
5. का? प्रेसचा काउंटर टूलरूमच्या नोंदवहीला जोडलेला नाही.

ही साखळी खरी आहे, पण अपुरी. स्प्रिंग उद्याही तुटेल. तेव्हा रॅम थांबायला हवा. तो का थांबला नाही, याचे उत्तर दोषवृक्षात मिळाले.

दोषवृक्ष
शिखर घटना: हात डायमध्ये असताना रॅम खाली.
"आणि" गेट: (अ) हात आत, (ब) स्ट्रोकचा आदेश, (क) लाइट कर्टनने रॅम अडवला नाही.

ब, "किंवा" गेट: फूट पेडल दाबले गेले, किंवा क्लचचा व्हॉल्व्ह अडकून दुहेरी स्ट्रोक. व्हॉल्व्ह तपासला, 50 एकेरी स्ट्रोक घेतले. एकदाही पुनरावृत्ती नाही. ती फांदी बंद. सिलेक्टर मात्र फूट पेडलवर होता.

क, "किंवा" गेट: कर्टन बायपास, किंवा कर्टन फार जवळ. दोन्ही आढळले. बायपासची किल्ली पॅनेलमध्येच होती. शिवाय रॅम थांबण्याची वेळ 0.18 सेकंद, कर्टनचे रिझोल्यूशन 14 मिमी, म्हणून कर्टनचे डायपासून किमान अंतर S:

```
S = 2000 × 0.18 + 8 × (14 − 14) = 360 मिमी
```

कर्टन प्रत्यक्षात 220 मिमीवर आहे. म्हणजे नुसती किल्ली काढून घेतली असती, तरी हात वाचेलच याची खात्री नव्हती.

ब आणि क वेगवेगळे दिसतात, पण मूळ एकच. नव्या ब्रॅकेटचा पत्रा 620 मिमी लांब आहे. तो दोन्ही हातांनी धरावा लागतो, म्हणून दोन हातांची बटणे सोडून पेडल. तोच पत्रा किरण तोडतो, म्हणून बायपास. "आणि" गेटवरचे दोन अडथळे एका पत्र्याने पाडले. डाय ट्रायलच्या फॉर्ममध्ये सुरक्षेचा रकानाच नसल्याने हे कोणी टिपले नाही.

उपाय
पत्रा शिअरिंगवरच एका नगापुरता कापायचा (उत्पादन, 3 दिवस, तोवर हा डाय बंद). पेडल काढून दोन हातांचे नियंत्रण. कर्टन 380 मिमीवर, बाजूंना जाळीचे स्थिर गार्ड (मेंटेनन्स, 7 दिवस); थांबण्याची वेळ दर सहा महिन्यांनी मोजायची, कारण ब्रेक झिजला की ती वाढते. बायपासची किल्ली सुरक्षा अधिकाऱ्याकडे. स्ट्रिपर स्प्रिंग स्ट्रोक मोजून बदलायच्या. ट्रायल फॉर्मवर सेटर आणि सुरक्षा अधिकारी, दोघांची सही.

पडताळणी: 30 दिवसांनी, दुसऱ्या पाळीत, न सांगता.