विषय: कावीळीची आजारी रजा आणि फिटनेस सर्टिफिकेट

साहेब, नमस्कार.

३ जुलैपासून कामावर नाही, हे फोनवर बोललोच होतो. तपासणीत हिपॅटायटिस ए, म्हणजे दूषित पाण्या-अन्नातून होणारी कावीळ निघाली. बिलिरुबिन ८.४ होतं, काल १.१ आलं. डोळ्यांचा पिवळेपणा गेला, भूक लागतेय; तांबडा रस्सा तेवढा अजून बंद!

३ ते २६ जुलै आजारी रजेत धरावी, ही विनंती. रिपोर्ट जोडलेत.

सोमवारी, २८ला हजर होतो. काम कॅन्टीनचं, त्यामुळे फिटनेस सर्टिफिकेट लागणारच. आमचे डॉक्टर देतात, पण कंपनीच्या डॉक्टरांचंच चालत असेल तर शनिवारची वेळ घेऊन द्याल का? शिरोलीच्या गेटवरून परत फिरायला नको. आठवडाभर मोठी पातेली उचलायला मात्र जमणार नाही.

आपला,
सचिन, कॅन्टीन