नववी मराठी निबंध : गुणदानाची निकषपत्रिका

प्रथम सत्र. तुकड्या अ, ब, क. विषय : 'आमच्या गावचा आठवडे बाजार'. सुमारे २५० शब्द, गुण २०.

गेल्या वर्षी एकच वही आम्ही दोघांनी वेगवेगळी तपासली, तेव्हा एकाचे १४ गुण पडले आणि दुसऱ्याचे ९. एकाने मजकूर पाहिला होता, दुसऱ्याने ऱ्हस्व-दीर्घ मोजले होते. म्हणून या वेळी गुण आधीच वाटून घेतले आहेत : आशय ८, मांडणी ५, भाषा ४, शुद्धलेखन ३. अर्धा गुण द्यायचा नाही.

आशय आणि निरीक्षण (८)

सर्वांत जास्त गुण इथे आहेत, कारण विषय डोळ्यांनी पाहण्याचा आहे.

उत्तम, ७–८ : बाजार याच गावचा आहे हे वाचताना कळते. पाल कुठे ठोकतात, शेंगा मापट्याने देतात की वजनावर, संध्याकाळी उरलेल्या भाजीचे वाटे कसे स्वस्त होतात, असे निदान तीन-चार तपशील आहेत. त्यांवरून विद्यार्थ्याला स्वतःचे काहीतरी म्हणायचे आहे.

चांगला, ५–६ : तपशील खरे आहेत, पण नुसते एकामागून एक येतात, लिहिणाऱ्याला त्यांतले काय महत्त्वाचे वाटले ते दिसत नाही.

बेताचा, ३–४ : 'बाजारात खूप गर्दी असते, ताज्या भाज्या मिळतात.' गावाचे नाव बदलले तरी निबंधाला धक्का लागत नाही.

अपुरा, ०–२ : विषय सुटला आहे, किंवा चार-पाच वाक्यांत आटोपले आहे.

गाईडमधला निबंध उतरवलेला दिसला तर आशयाला २ पेक्षा जास्त गुण नाहीत, मग अक्षर मोत्यासारखे असो. मात्र नुसती सुरुवात सुविचाराने केली म्हणून पाठांतराचा शिक्का मारू नये. ती सवय आपणच लावली आहे.

मांडणी (५)

उत्तम, ५ : सुरुवात थेट विषयात नेते, प्रत्येक परिच्छेदात एकच मुद्दा आहे, शेवट आधीच्या मजकुरातूनच येतो.
चांगला, ३–४ : क्रम लागतो, पण एखादा परिच्छेद भलतीकडे जातो किंवा शेवट गुंडाळला आहे.
बेताचा, २ : परिच्छेद पाडले आहेत, पण कुठलाही उचलून कुठेही ठेवता येईल.
अपुरा, ०–१ : सलग मजकूर, मुद्द्यांची पुनरावृत्ती.

सकाळ, दुपार, संध्याकाळ हाच क्रम हवा असे नाही. कुणी भेळेच्या गाडीपासून सुरू करून तिथेच संपवले, तरी धागा सापडत असेल तर पूर्ण ५ द्यावेत.

भाषा (४)

उत्तम, ४ : नेमके शब्द, लहान-मोठी वाक्ये.
चांगला, ३ : स्वच्छ, पण ठरावीक वळणाची.
बेताचा, २ : तेच तेच शब्द, काही वाक्ये दोनदा वाचावी लागतात.
अपुरा, ०–१ : अर्थच लागत नाही.

घरच्या बोलीतले शब्द चूक धरायचे नाहीत. संवादात 'काय भाव लावलाय वो?' आले तर ते जमेचे आहे. मापटे, चिपटे, आठवा हे शब्द मुलांनी आजीकडून आणले असतील, तर त्यांखाली लाल रेघ ओढू नये.

शुद्धलेखन (३)

एकच चूक दहा वेळा आली तरी ती एकच चूक. दोनपर्यंत चुकांना ३ गुण, तीन ते सहा चुकांना २, सात ते दहा चुकांना १, त्यापुढे शून्य. विरामचिन्हेही यातच.

नेहमी गोंधळ होतो तो सामान्यरूपात : 'बहीण' दीर्घ, पण 'बहिणीला' ऱ्हस्व; 'फूल', पण 'फुलांचा'. या चुका धराव्यात, कारण हा नियम शिकवून झाला आहे. संवादातले 'असं', 'केलं' बरोबरच आहे. निवेदनात मात्र 'असे', 'केले' हवे. अक्षराला वेगळे गुण नाहीत.

तपासताना

आधी निबंध पेन खाली ठेवून पूर्ण वाचावा, मग आशयापासून गुण द्यावेत. शुद्धलेखन शेवटी. चुकांना आधी खुणा केल्या की पान लाल दिसते आणि आशयाचे गुणही नकळत उतरतात.

दोन पातळ्यांच्या मध्ये अडकलात तर वरच्या पातळीचे वर्णन निम्म्याहून जास्त लागू पडते का ते पाहा; पडत असेल तर वरच्या पातळीतला खालचा गुण द्या. उदाहरणार्थ, आशय ६ की ७ असा प्रश्न असेल तर ७.

शब्दमर्यादेचे वेगळे गुण कापायचे नाहीत. १५० शब्दांत सगळे सांगितले असेल तर आशयात तोटा नाही. ४०० शब्द पाल्हाळ असेल तर मांडणीत तो दिसेलच.

प्रत्येक तुकडीतल्या पाच वह्या दोघांनी स्वतंत्रपणे तपासाव्यात. बेरजेत ३ पेक्षा जास्त फरक आला तर ती वही एकत्र बसून पाहायची आणि कोणत्या निकषावर फाटा फुटला ते या पानाच्या मागे लिहायचे. उरलेल्या वह्या त्यानंतरच घ्यायच्या.

वहीवर चार आकडे वेगळे लिहावेत, जसे ६+४+३+१ = १४. नुसते १४ लिहिले तर मुलाला वाटते आपले सगळेच बेताचे आहे. ही पत्रिका निबंधाच्या आदल्या आठवड्यात तिन्ही वर्गांत फळ्याशेजारी लावायची आहे.