निखिलला पत्र: ट्रेडिंगचे पैसे किती

सातारा
१२ जानेवारी २०२५

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू ट्रेडिंगसाठी पैसे मागतोस आणि मी नुसतं "बघू" म्हणतो, म्हणून आता लिहूनच कळवतो. ग्रॅच्युइटी आणि फंडाचे मिळून ३८ लाख आले. त्यातले ३० लाख पोस्टात ज्येष्ठ नागरिक योजनेत टाकले. ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ६१,५०० रुपये येतात. घर, औषधं, आईची फिजिओथेरपी त्यात भागते. या पैशाला हात लावायचा नाही. सहा लाख एफडीत, दवाखान्यासाठी.

राहिले दोन लाख. ते तुझ्या ट्रेडिंगला. ते बुडाले तर पुन्हा मागायचे नाहीत, आणि एफडी मोडायचा विषय आईजवळही काढायचा नाही. ती नाही म्हणणार नाही, हे तुला पक्कं ठाऊक आहे! नफा झाला तर तुझा. पण त्यावर कर्ज काढून खेळ वाढवायचा नाही.

ऑप्शन्स मात्र नकोत. सेबीचाच अहवाल आहे: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. तू हुशार आहेस, पण त्या ९३ मध्येही हुशार असणारच.

माझ्या डीमॅटचा पासवर्ड मी बदललाय. रागावू नकोस. दोन लाख सोमवारी तुझ्या खात्यात टाकतो.

संक्रांतीला येताना सूनबाईंना घेऊन ये.

तुझे,
बाबा