बिल परत पाठवण्याचा मेल: सुधारित मसुदा

प्रति: निखिल, लेखा विभाग
विषय: Fwd: बिल क्र. 147, पीओ नंबर नाही

निखिल,

गायकवाडांना पाठवायचा तुझा मसुदा वाचला. खाली तो आहे तसा ठेवते, म्हणजे काय बदललं ते समोरासमोर दिसेल.

"महोदय, आपले बिल क्र. 147 वर पीओ नंबर नमूद नसल्याने सदर बिल रिजेक्ट करण्यात येत आहे. तरी दुरुस्त नवीन बिल त्वरित सादर करावे. अन्यथा पेमेंट होणार नाही याची नोंद घ्यावी."

यात चुकीची माहिती नाही, तरी हा मेल जाऊ नये. गायकवाडांनी माल वेळेवर दिला, क्यूसीने तो पास केला, आणि आता त्यांना "पेमेंट होणार नाही" असं वाचायला मिळणार. शिवाय कुठला पीओ नंबर टाकायचा हे मेलमध्ये कुठेच नाही. ते आपल्याला फोन करणार, तू पर्चेसला विचारणार, त्यात दोन दिवस जाणार. सगळ्यात घातक शब्द आहे "नवीन बिल". तो वाचून त्यांनी 147 तसंच ठेवून 152 नंबरचं दुसरं बिल केलं, तर एकाच मालाची दोन बिलं त्यांच्या जीएसटीआर-1 मध्ये जातील आणि मग क्रेडिट नोटचं लचांड मागे लागेल.

हा पाठव:

विषय: बिल क्र. 147 (6 ऑगस्ट 2025, रु. 2,05,320): पीओ नंबर घालून पुन्हा पाठवावे

श्री. गायकवाड साहेब, नमस्कार.

स्टील बुशचे 1,200 नग 7 ऑगस्टला आमच्या चाकण प्लांटला मिळाले आणि 9 ऑगस्टला क्यूसीने सर्व नग स्वीकारले. जीआरएन क्र. 5000041296 आहे. मालाबद्दल आमची कोणतीही तक्रार नाही.

या मालाचे तुमचे बिल क्र. 147 मात्र आम्हाला नोंदवता आलेले नाही, कारण त्यावर आमचा पीओ नंबर छापलेला नाही. बिल पाहता ते टॅलीमधून काढलेले दिसते. त्यातला Buyer's Order No. हा रकाना रिकामा राहिला आहे. तिथे कृपया एवढे भरावे:

पीओ क्र. 4500018732, दिनांक 21 जुलै 2025, लाइन आयटम 10

डे बुकमधून तेच व्हाउचर उघडून ऑर्डरचा तपशील भरला आणि पुन्हा छापले की काम होईल. बिलाचा नंबर आणि तारीख कृपया बदलू नये. दर (रु. 145), रक्कम (रु. 1,74,000) आणि जीएसटी (रु. 31,320) बरोबर आहेत, त्यामुळे क्रेडिट नोट किंवा नवीन नंबरचे बिल करण्याची गरज नाही.

याच भागाचे तुमच्या नावावर सध्या दोन पीओ उघडे आहेत. जुन्या पीओचा (क्र. 4500017905) दर रु. 142 आहे आणि त्यावर अजून 300 नग बाकी आहेत. तुमचे बिल नवीन दराने आहे आणि चलनावर हाताने नवीन पीओचाच नंबर लिहिलेला आहे, म्हणून हे बिल नवीन पीओचे आहे, असे आम्ही धरले आहे. तुमच्याकडील नोंद वेगळी असेल तर बिल बदलण्यापूर्वी मला फोन करावा. तुमच्या बिलावर आम्ही आमच्या हाताने काही लिहू शकत नाही, ऑडिटमध्ये ते चालत नाही, म्हणून तुम्हाला ही तसदी देत आहोत.

सही केलेल्या बिलाची पीडीएफ याच मेलला उत्तर म्हणून पाठवली तरी चालेल. छापील प्रत पुढच्या मालाच्या गाडीबरोबर द्यावी, त्यासाठी वेगळा माणूस पाठवू नये. गुरुवार, 14 ऑगस्टपर्यंत पीडीएफ मिळाली तर बिल त्याच दिवशी नोंदवू.

तुमच्या पैशांची 45 दिवसांची मुदत आम्ही माल मिळाल्याच्या तारखेपासून, म्हणजे 7 ऑगस्टपासूनच मोजत आहोत. दुरुस्त बिल येण्याने ती पुढे जाणार नाही. ही मुदत रविवारी, 21 सप्टेंबरला संपते, म्हणून रक्कम शुक्रवार, 19 सप्टेंबरच्या पेमेंटमध्ये धरली आहे.

पुढच्या बिलांवरही पीओ नंबर येईल एवढे पाहावे. माल पाठवताना पीओ नंबर हाताशी नसेल तर आमच्या पर्चेस विभागाला विचारावे, ते लगेच देतील.

आपला,
निखिल
लेखा विभाग, चाकण प्लांट

मेल तुझ्या मसुद्यापेक्षा बराच लांबला आहे, आणि मी तो मुद्दाम लांबवला आहे. गायकवाडांकडे बिलं त्यांचा मुलगा संध्याकाळी बसून करतो. त्याला एकदा वाचून काम संपवता आलं पाहिजे, उलट प्रश्न विचारायची वेळ येऊ नये.

मुदतीचा परिच्छेद तुला जास्तीचा वाटेल, पण तो काढू नकोस. त्यांच्या बिलावर उद्यम नंबर आहे आणि ते स्वतः उत्पादन करतात. एमएसएमईडी कायद्यात माल मिळाल्यापासून 15 दिवसांत मालाबद्दल लेखी हरकत घेतली नाही, तर माल मिळाला तोच दिवस स्वीकाराचा धरला जातो आणि लेखी करार असला तरी पैसे 45 दिवसांच्या आत द्यावेच लागतात. बिलावर पीओ नंबर नाही ही मालाबद्दलची हरकत होत नाही. "बिल दुरुस्त होऊन आलं त्या दिवसापासून मोजू" हे आपल्या विभागात सर्रास बोललं जातं, ते मला मान्य नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज आपल्याला लागतं. पण व्याज बाजूला ठेव. त्या माणसाने स्टील आधी पैसे मोजून आणलेलं असतं, आणि आपल्या एका रिकाम्या रकान्यासाठी त्याने महिनाभर जास्त थांबावं हे बरोबर नाही.

आणखी एक. "रिजेक्ट" हा शब्द बिलासाठी वापरू नकोस. आपल्याकडे रिजेक्ट म्हणजे क्यूसीने नाकारलेला माल. पुरवठादार तो शब्द वाचला की आधी माल परत येतोय का, हे बघायला धावतो. बिल "पीओ नंबर नसल्याने परत" एवढंच लिही. जीएसटी नियम 46 मध्ये बिलावर जे असायला हवं म्हणून दिलं आहे, त्यात पीओ नंबर नाही. म्हणजे कायद्याने त्यांचं बिल पूर्ण आहे. पीओ, जीआरएन आणि बिल तिन्ही जुळवून पाहण्याची आपली पद्धत आहे, म्हणून नंबर लागतो. ही आपली गरज आहे आणि मेलचा सूर विनंतीचाच हवा.

त्यांच्या बिलावर आयआरएन आणि क्यूआर कोड नाही, म्हणून त्याच नंबरचं बिल पुन्हा छापून मागता आलं. ई-इन्व्हॉइस करणाऱ्या पुरवठादाराला हाच मजकूर चिकटवू नकोस. तिथे पोर्टलवर आयआरएन फक्त 24 तासांत रद्द करता येतो आणि रद्द केलेला बिल नंबर पुन्हा वापरता येत नाही. अशा वेळी त्यांच्या लेटरहेडवर बिल नंबर, पीओ नंबर आणि सही असं पत्र मागवायचं आणि ते बिलाला जोडायचं. तसं बिल आलं की आधी मला दाखव.

आज दुपारी चारच्या आत पाठव, सीसीत पर्चेसला ठेव. पाठवण्याआधी गायकवाडांना एक फोन कर आणि माल पास झाल्याचं आधी सांग. सिस्टीममध्ये बिल "पार्क" करून ठेव आणि शेऱ्यात आजची तारीख टाक. गुरुवारी दुपारपर्यंत पीडीएफ आली नाही तर पुन्हा मेल करू नकोस, सरळ फोन कर.

वैशाली