देवगड हापूस, पाच डझनी पेटी : अक्षय्य तृतीयेच्या जाहिरातीसाठी चित्राचा प्रॉम्प्ट

खऱ्या छायाचित्रासारखं वाटणारं, उभं, ४:५ प्रमाणातलं चित्र. झाकण काढलेली देवगड हापूसची लाकडी पेटी शेणाने सारवलेल्या पडवीत ठेवली आहे. मागे जांभ्या दगडाची भिंत, किंचित धूसर. कॅमेरा पेटीच्या वर, साधारण ४५ अंशांत कललेला. ५० मिमी लेन्स, एफ/५.६. पेटीची पुढची कड आणि फळांच्या पुढच्या दोन रांगा अगदी स्पष्ट हव्यात. चित्राचा वरचा एक तृतीयांश भाग मोकळा राहू द्यावा. तिथे मजकूर आणि भाव आम्ही नंतर टाकू.

फळं : वरचा थर पंधरा आंब्यांचा, तीन रांगांत, भाताच्या पेंढ्यावर बसवलेला. एखादं फळ कमीजास्त झालं तरी चालेल, पण आंबे एकमेकांत घुसलेले नकोत. आकार हापूसचाच : लांबट गोल, देठाशी खांदा भरलेला, खाली चोच नाही. परदेशी दुकानातला लालभडक, जाड सालीचा आंबा अजिबात नको. आमचं गिऱ्हाईक तो बघताच पुढे जाईल. सगळी फळं एकाच रंगाची नसावीत, कारण अढीतली पेटी कधीच एकसारखी पिकत नाही. बहुतेक आंबे केशरी झाक असलेले पिवळे. तीन-चार फळांवर पोपटी छटा अजून रेंगाळलेली, म्हणजे दोन दिवसांनी खायची. उन्हाच्या बाजूला लागलेल्या एक-दोघांच्या खांद्यावर फिकट लाली. सालीवर बारीक फिकट ठिपके दिसावेत. तकाकी मंद असावी, मेण लावल्यासारखी चमक नको. सगळ्यात पिकलेल्या एका फळाची साल देठाजवळ जेमतेम सुरकुतलेली, दुसऱ्यावर चिकाचा एक वाळलेला तपकिरी ओघळ. हे दोन डाग पुसू नयेत, त्यांच्यावरच आंबा बागेतला वाटतो. देठ तपकिरी, आखूड कापलेला.

पेटीपुढे पितळी ताटलीत एक चिरलेला आंबा : कोयीच्या दोन्ही बाजूंच्या फोडी आणि मधली कोय. गर गडद केशरी, घट्ट, रेषाविरहित. गराचे चौकोन पाडून साल उलटी केलेली फोड दाखवू नये. आपल्याकडे आंबा तसा कुणी खात नाही.

पानं : पेटीच्या डाव्या कोपऱ्यावर पाच-सहा पानांची एकच डहाळी आडवी टाकलेली. पान लांब, निमुळतं, फळाच्या साधारण दुप्पट लांबीचं, चामड्यासारखं जाडसर. मधली शीर फिकट पिवळी आणि ठळक. तिच्यातून निघणाऱ्या बाजूच्या शिरा कडेपाशी पोचण्याआधी वर वळलेल्या. कड हलकी लाटदार, दातेरी नाही. वरची बाजू गर्द हिरवी. एक पान उलटं पडलेलं, त्याची खालची बाजू फिकट. टोकाला एक कोवळं तांबूस पान. एका पानाची कड किड्याने खाल्लेली. आंब्याच्या देठातून थेट पान फुटलेलं दाखवू नये, ही चूक जाहिरातींत हमखास दिसते. मोहोरही नको; फळ पिकेपर्यंत तो झडून गेलेला असतो.

पेटी : पातळ, न रंधलेल्या फळ्यांची. करवतीच्या आडव्या खुणा, एक-दोन गाठी, कडेला उठलेल्या बारीक लाकडी शिरा. फळ्यांमध्ये बोटभर फटी, त्यांतून पेंढ्याच्या काड्या बाहेर आलेल्या. कोपऱ्यांवर खिळ्यांची डोकी, त्यांभोवती गंजाची पुसट काळसर वर्तुळं. एक खिळा जरा तिरका ठोकलेला. लाकूड फिकट पिवळसर, नवं, पण हाताळलेलं. पॉलिश किंवा मुद्दाम जुनं केलेलं फर्निचर वाटता कामा नये. झाकणाच्या फळ्या पेटीला टेकवून उभ्या.

प्रकाश : सकाळी आठच्या सुमाराचं ऊन, डावीकडून तिरकं. ते फळ्यांच्या खडबडीतपणावर आणि पानांच्या शिरांवर घासून जावं, म्हणजे पोत उठून दिसेल. सावल्या मऊ. पिवळा रंग भडक करू नये.

काय नको : फळांवर पाण्याचे थेंब, रसाचे फवारे, समुद्र, नारळाची झाडं, माणसं, हात, प्लास्टिकची जाळी. पेटीवर कोणतंही अक्षर, बोधचिन्ह किंवा क्यूआर कोड काढू नये. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्याचं चिन्ह आम्ही अधिकृत फाईलमधूनच लावणार, चित्रात त्याची नक्कल नको.

याच मांडणीच्या दोन प्रती हव्यात : एक वरीलप्रमाणे ४:५, दुसरी व्हॉट्सॲप स्टेटससाठी ९:१६. दुसरीत पेटी तेवढीच मोठी ठेवावी आणि वाढलेली जागा वर भिंतीला द्यावी.