सहावी 'ब'च्या माझ्या मुलांना

प्रिय मुलांनो,

हे पत्र तुम्हाला वाचून दाखवलं जाईल, तेव्हा मी शाळेत नसेन. आजपासून मी तुमची वर्गशिक्षिका नाही. वर्ष निम्मं बाकी असताना, तुम्हाला न भेटता जावं लागतंय. दारात उभं राहून एकेकाचा निरोप घ्यायला मला फार आवडलं असतं, पण ते जमण्यासारखं नव्हतं.

मी का जाते आहे, हे तुम्ही विचारणारच. त्याचं कारण खासगी आहे आणि ते मी सांगणार नाही. तुम्ही लहान आहात म्हणून नव्हे. काही गोष्टी माणूस स्वतःपाशीच ठेवतो, एवढंच. मधल्या सुट्टीत अंदाज बांधले जातील. कुणी "मला माहीत आहे" म्हणून काही सांगायला लागलं, तर ते पुढे पाठवू नका.

पण एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगते, कारण काही जण मनातल्या मनात हाच हिशोब करत बसतील हे मी जाणते. मी तुमच्यामुळे जात नाही. तुमचा गोंगाट, चाचणीतले गुण, अर्धवट राहिलेला गृहपाठ, यातल्या कशाचाही याच्याशी संबंध नाही. मागच्या आठवड्यात मी शेवटच्या रांगेवर रागावले होते, तो राग त्याच तासाला संपला. रांगेतल्या चौघांनी हे वाक्य हवं तर दोनदा वाचून घ्या.

वाईट वाटेल, कदाचित माझा रागही येईल. येऊ द्या. कुणाला काहीच वाटलं नाही, तर तेही चालेल. रडणाऱ्याला चिडवायचं नाही. आणि फारच जड वाटलं तर घरी सांगा, नाहीतर सरांशी बोला.

सर म्हणजे तुम्हाला विज्ञान शिकवणारे आपले सर. आता तेच तुमचे वर्गशिक्षक. त्यांची फळ्यावर लिहायची पद्धत वेगळी आहे, उदाहरण सोडवायचीही. "आमच्या बाई असं करायच्या नाहीत" हे वाक्य त्यांना ऐकवू नका. ते तुम्हाला मनापासून शिकवणार आहेत आणि मला त्यांच्यावर पूर्ण भरवसा आहे. तुमच्या वह्या तपासून कपाटात ठेवल्या आहेत. कुणाला कुठे अडतं, याची टिपणं मी सरांना दिली आहेत. त्यात कुणाची तक्रार नाही. वाचनालयाच्या पुस्तकांची नोंदवही आत्तापर्यंत जिच्याकडे होती, तिच्याकडेच राहील.

शंकापेटीतल्या दोन चिठ्ठ्यांची उत्तरं राहिली होती, ती देऊन जाते.

पहिली चिठ्ठी: "शून्याने भागलं तर काय येतं?" बाराला तीनने भागताना आपण शोधतो की तीनला कितीने गुणलं की बारा येतील. चार. आता शून्याला कितीने गुणलं की बारा येतील? कितीनेही गुणा, शून्यच येणार. म्हणून बारा भागिले शून्य याला उत्तरच नाही. आणि शून्य भागिले शून्य? तिथे उलटी अडचण आहे, कुठलीही संख्या चालते, म्हणून एक असं उत्तर ठरत नाही. यावर वर्गात तुम्ही भांडला असता आणि मला ते ऐकायचं होतं.

दुसरी: "चंद्र दिवसा का दिसतो?" चंद्र फक्त रात्रीसाठी नसतोच. तो साधारण निम्मा वेळ क्षितिजाच्या वर असतो आणि त्यातला बराच वेळ दिवसाचा असतो. त्याच्यावर पडलेला सूर्यप्रकाश इतका उजळ असतो की निळ्या आकाशातही तो दिसतो. पौर्णिमेनंतर आठवडाभराने सकाळी पश्चिमेकडे बघा. ज्याने ही चिठ्ठी टाकली, त्याचं अक्षर मी ओळखलं. तू सहसा वर्गात बोलत नाहीस. असे प्रश्न विचारायचं थांबवू नकोस.

तुमच्याबद्दल मला काय वाटतं, ते मी वर्गात फारसं बोलले नाही. गणिताच्या तासाला उत्तर चुकलेल्या मुलाला कुणी हसायचं नाही, हा नियम मी केला होता. पण पुढे पुढे तुम्ही त्याला "कुठपर्यंत बरोबर होतं?" असं विचारायला लागलात. हे मी शिकवलेलं नाही, ते तुमचं आहे. त्यासाठी मला तुमचा फार अभिमान वाटतो.

मी परत येईन असं वचन देत नाही, कारण ते पाळता येईल याची मला खात्री नाही. तुम्हाला मला काही लिहायचं असेल तर पत्र सरांकडे द्या, ते माझ्यापर्यंत पोहोचवणार आहेत. उत्तराला उशीर लागला तरी तुमचं पत्र मी वाचलेलं असेल.

बुधवारची अपूर्णांकांची चाचणी ठरल्याप्रमाणेच होणार आहे. छेद सारखे करायला विसरू नका.

तुमच्या बाई