संयुक्त विकसन करारनामा

लिहून देणार जमीनमालक व लिहून घेणार विकसक यांच्यात, परिशिष्टात वर्णिलेल्या 40 गुंठे बिनशेती मिळकतीबाबत हा करार होत आहे. मालकी जमीनमालकाचीच राहील. विकसकास केवळ बांधकाम व विक्रीचा परवाना आहे. जमीन गहाण ठेवता येणार नाही.

1. विक्रीच्या रकमेत, वस्तू व सेवा कर वगळून, मालकाचा हिस्सा 38 टक्के व विकसकाचा 62 टक्के राहील. पार्किंग व जागाबदलाचे शुल्कही विक्रीची रक्कमच समजावी. 70 टक्के रक्कम 2016 च्या स्थावर संपदा कायद्यानुसार स्वतंत्र खात्यात राहील. वाटप दरमहा, हिशेबपत्रकासह होईल.

2. नकाशा मंजुरी, प्रारंभ प्रमाणपत्र व रेरा नोंदणी विकसकाने स्वखर्चाने 9 महिन्यांत मिळवावी. नोंदणीपूर्वी एकही सदनिका विकू नये, बुकिंगही घेऊ नये.

3. सलग 90 दिवस काम बंद राहिल्यास मालक लेखी नोटीस देईल. 60 दिवसांत काम सुरू न झाल्यास मालकास करार संपवून कुलमुखत्यारपत्र रद्द करता येईल. विक्री मंदावली किंवा कर्ज मिळाले नाही, या सबबी चालणार नाहीत. नैसर्गिक आपत्ती किंवा विकसकाच्या चुकीविना आलेली न्यायालयीन स्थगिती तेवढी मान्य.

करार संपल्यावर विकसकाने 15 दिवसांत ताबा, मंजूर नकाशे व ग्राहकांची यादी सोपवावी. झालेल्या कामाचे मूल्य उभयमान्य वास्तुविशारद ठरवील. ते पुढील विक्रीतून, ग्राहकांची देणी भागल्यावरच मिळेल. सदनिकाधारकांचे नोंदणीकृत करार मात्र कायम राहतील. त्यांचे घर अडता कामा नये, हे उभय पक्षांनी मान्य केले आहे.

4. वाद 1996 च्या लवाद कायद्यानुसार एकाच लवादाकडे जाईल.